सदतीस टक्के कोणाचे?

मालवाहतूक आणि गोदामाची सेवा विकणाऱ्या कंपन्यांच्या बैठकीत एक सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की तो मला शब्दासकट पाठ झाला आहे. कारखानदाराला वाचायला वेळ नसतो. त्याला एक मोठा आकडा द्या, तो वरच ठळक छापा, खाली ग्राहकाची कौतुकाची दोन वाक्यं टाका आणि थांबा. ‘वाहतूक खर्चात ३७ टक्के बचत’ एवढं वाचून तो फोन करतो, उरलेला हिशेब आपला विक्रीवाला समोर बसून समजावतो. हा सल्ला देणारी माणसं अनुभवी असतात. त्यांनी विमा विकलेला असतो, मोबाइल विकलेले असतात, आणि तिथे हा मार्ग चाललेलाही असतो. पण कारखान्यासाठी लिहायच्या केस स्टडीत तो चालत नाही, चालू नये, आणि त्याचं नुकसान सेवा देणाऱ्यालाच सोसावं लागतं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

मी अकरा वर्षं चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळला. गेली काही वर्षं वाहतूक कंपन्यांसाठी अशाच केस स्टडी लिहितो. म्हणजे हा कागद वाचणाऱ्याच्या खुर्चीत मी आधी बसलो, लिहिणाऱ्याच्या नंतर. त्या पहिल्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

‘कारखानदार’ नावाचा एकच माणूस हे वाचत नाही. खरेदी विभाग, डिस्पॅच आणि अकाउंट्स अशा तीन टेबलांवरून तो कागद फिरतो. त्यातला डिस्पॅचवाला सगळ्यात कडक वाचक. त्याच्या ड्रॉवरमध्ये गेट रजिस्टर असतं, काट्याच्या पावत्या असतात, ट्रान्सपोर्टरची बिलं असतात. महिन्याला किती गाड्या सुटल्या, किती अर्ध्या रिकाम्या गेल्या, किती वेळा रात्री अकराला तातडीची गाडी शोधावी लागली, हे त्याला न बघता सांगता येतं. तो ‘३७ टक्के’ वाचतो आणि पहिला प्रश्न विचारतो : कशावर? गाडीभाड्यावर, किलोमागच्या खर्चावर, की एकूण बिलावर? माल कुठून कुठे जात होता? गाडी कोणती होती? आधी किती भरत होती? उत्तर त्याच पानावर नसेल तर तो फोन करत नाही, पान उलटतो. त्याला वेळ नसतो हे खरंच आहे. म्हणूनच ज्याचा पाया दिसत नाही अशा आकड्यावर तो वेळ घालवत नाही.

आता हा सदतीसचा आकडा तयार कसा होतो ते एका उदाहरणाने पाहू. पुढचे आकडे कुठल्या एका कंपनीचे नाहीत. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून मी ते सोपे करून घेतले आहेत. गोष्टीची रचना मात्र या धंद्यातल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

चाकणचा एक कारखाना चेन्नईजवळच्या ओरगडमला, एका गाडी बनवणाऱ्या कंपनीला भाग पाठवतो. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. बत्तीस फुटी, एका मागच्या आसाची बंद गाडी लागते, तिच्यात सात टन बसतात. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत १८० टन माल ४० गाड्यांतून गेला. भाडं गाडीमागे ६०,००० रुपये, म्हणजे २४ लाख. शिवाय माल कमी पडतोय असा फोन आला म्हणून ८ तातडीच्या छोट्या गाड्या पाठवाव्या लागल्या, प्रत्येकी ५०,०००, म्हणजे ४ लाख. ग्राहकाच्या गेटबाहेर गाड्या अडकल्या त्याचं हॉल्टिंग ८०,०००. एकूण २८ लाख ८० हजार. किलोला १६ रुपये.

मग नवी सेवा सुरू झाली. ओरगडमजवळ एक छोटं गोदाम घेतलं. चाकणहून गाडी पूर्ण भरली की सुटायची, आणि गोदामातून रोज लागेल तेवढाच माल ग्राहकाच्या लाइनला जायचा. ही रोजची स्थानिक फेरी गोदामाच्या भाड्यातच धरलेली होती. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत २१० टन माल ३४ गाड्यांतून गेला, भाडं ५८,००० रुपये, म्हणजे १९ लाख ७२ हजार. तातडीच्या गाड्या दोनच, १ लाख. हॉल्टिंग ३०,०००. बेरीज २१ लाख २ हजार, किलोला जेमतेम १० रुपये. सोळाचे दहा झाले. सदतीस टक्के बचत, छापा.

या बेरजेत एकही आकडा खोटा नाही, आणि हीच तिची अडचण आहे. लिहिणारा प्रामाणिक असतो, ग्राहक सही करतो, सगळ्यांना बरं वाटतं. तरी ते सदतीस टक्के सेवेने आणलेले नाहीत. ते कोणी आणले हे एकेक करून पाहावं लागतं.

सगळ्यात आधी गोदाम. त्याचं भाडं महिन्याला ७०,००० रुपये, तिमाहीला २ लाख १० हजार. ते वरच्या बेरजेत का नाही? कारण कारखान्याच्या वहीत ते ‘वाहतूक’ या खात्यावर पडत नाही, ‘भाडे’ या खात्यावर पडतं. लिहिणाऱ्याने वाहतुकीचं खातं मागवलं, अकाउंट्सने तेच दिलं. पण गोदाम घेतलं म्हणूनच तर गाड्या भरून जाऊ लागल्या. ते धरलं की किलोला ११ रुपये होतात आणि बचत एकतीस टक्क्यांवर येते.

पुढचा मुद्दा मालाचा. दुसऱ्या तिमाहीत ३० टन जास्त माल गेला, कारण सणासुदीच्या तिमाहीत ग्राहकाची मागणी वाढली. जुन्या पद्धतीत गाडी सरासरी साडेचार टन घेऊन जात होती. २१० टन त्याच ४० गाड्यांतून गेले असते तर गाडीमागे सव्वापाच टन पडले असते, आणि तेवढे सहज बसतात. म्हणजे काहीही न बदलता जुनाच २८ लाख ८० हजारांचा खर्च जास्त मालावर वाटला गेला असता आणि किलोचा भाव सोळावरून आपोआप पावणेचौदाच्या आसपास आला असता. नव्या पद्धतीची तुलना या पावणेचौदाशी करायला हवी, सोळाशी नाही. हे एक पाऊल टाकलं की बचत वीस टक्क्यांच्या आत येते. केस स्टडीत सर्वात जास्त लपतं ते हेच. मुद्दाम कोणी लपवत नाही, पण किलोमागचा भाव काढला की गाडी भरण्याचं श्रेय मागणीलाही जातं आणि सेवेलाही, आणि लिहिणारा ते सगळं सेवेच्या खात्यावर जमा करतो.

नंतर डिझेल. भाडं साठ हजारांचं अठ्ठावन्न हजार झालं ते वाटाघाटीने की डिझेलमुळे? ही गाडी लिटरला पाच किलोमीटर धावते असं धरलं तर बाराशे किलोमीटरला २४० लिटर लागतात, म्हणजे लिटरमागे एक रुपया हलला की फेरीमागे २४० रुपये हलतात. दोन हजारांचा फरक पडायला डिझेल आठ-साडेआठ रुपयांनी उतरावं लागतं, आणि तसं उतरल्याचं आपण पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचं अबकारी शुल्क लिटरला १० रुपयांनी कमी केलं, मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपयांनी, आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारने व्हॅट कमी करून आणखी ३ रुपये उतरवले. या तारखांच्या अलीकडची तिमाही आणि पलीकडची तिमाही शेजारी ठेवून ‘आमच्या सेवेमुळे भाडं घटलं’ असं लिहिणं म्हणजे अर्थमंत्र्यांचं काम आपल्या नावावर लावणं. आपल्या उदाहरणात हा फरक डिझेलचा होता असं धरून ३४ फेऱ्यांचे ६८,००० रुपये परत जोडू.

शेवटी साठा. गोदामात सरासरी दहा टन माल पडून असतो. किलोला ३०० रुपये धरले तर तीस लाखांचा माल. त्यात कारखान्याचं खेळतं भांडवल अडकलं. वर्षाला बारा टक्के व्याज धरलं तर तिमाहीला ९०,००० रुपये. हा खर्च कुठल्याच बिलात येत नाही, म्हणून केस स्टडीतही येत नाही. पण अकाउंट्सच्या टेबलावरचा माणूस नेमका हाच विचारतो, कारण बँकेला व्याज तोच भरतो.

सगळं जोडलं की नवा खर्च २४ लाख ७० हजार होतो. जुन्या २८ लाख ८० हजारांच्या तुलनेत तिमाहीला ४ लाख १० हजारांची बचत. चौदा टक्के.

इथे मला सांगितलं जातं, की बाबा रे, तुझे चौदा छापले आणि शेजारच्याने सदतीस छापले, तर फोन त्याला जाणार. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण धंदा करणाऱ्याला महिनाअखेर पगार द्यायचे असतात. पण तो दोन ठिकाणी चुकतो. पहिलं म्हणजे सदतीसचा आकडा बघून जो फोन येतो तो कोणाचा असतो ते पाहा. ज्याच्या गाड्या आधीच सहा-साडेसहा टन भरून जातात त्याचाही येतो. त्याला ही सेवा फारसं काही वाचवून देणार नाही. तिचा मोठा फायदा अर्ध्या रिकाम्या गाड्यांतून येतो, आणि त्याच्याकडे त्या नाहीतच. विक्रीवाला दोनदा चाकणला जातो, सहा महिने बोलणी चालतात, आणि शेवटी नकार येतो. उलट पानावर ‘आधी गाडीमागे साडेचार टन, आता सहा टनांच्या वर’ हे वाक्य असेल तर वाचणारा स्वतःच्या काट्याच्या पावत्या काढतो आणि दहा मिनिटांत स्वतःच ठरवतो, की हे आपल्यासाठी आहे की नाही. ज्याच्यासाठी आहे तोच फोन करतो.

दुसरं असं की छापलेला आकडा करारात येऊन बसतो. खरेदी विभागाचा माणूस तो कागद समोर ठेवतो आणि म्हणतो, तुम्हीच लिहिलंय, मग आम्हाला सदतीस लिहून द्या. मग एक तर सेवा देणारा ते लिहून देतो आणि वर्षभर दंड भरतो, किंवा लिहून देत नाही आणि त्याच क्षणी त्या कागदावरचा बाकीचा सगळा मजकूरही संशयात जातो. चौदाच्या आकड्याला करारात घालायला कोणी घाबरत नाही, कारण त्याच्या पायऱ्या दोन्ही बाजूंना माहीत असतात.

पाया न सांगितलेला आकडा किती दूर जाऊ शकतो याचं उदाहरण याच क्षेत्रात, देशाच्या पातळीवर आहे. भारतात मालवाहतूक आणि साठवणुकीचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तेरा-चौदा टक्के आहे, हे आपण वर्षानुवर्षं भाषणांत आणि सादरीकरणांत ऐकत आलो. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही हाच आकडा पुढे होता. त्यानंतरच्या आर्थिक पाहणीत तर चौदा ते अठरा टक्के लिहिलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये एनसीएईआर या संस्थेने पद्धत मांडून मोजणी केली, तेव्हा २०२१-२२ या वर्षासाठी उत्तर आलं ७.८ ते ८.९ टक्के. खर्चात नेमकं काय धरलं, माहिती कुठून घेतली, हे लिहून मोजल्यावर आकडा जवळपास अर्ध्यावर आला. तोवर कितीतरी कंपन्यांनी आपल्या केस स्टडीची सुरुवात त्या जुन्या आकड्याने केली होती, आणि काही अजूनही करतात.

आता वेळेचा आकडा, कारण खर्चानंतर सगळ्यात जास्त छापला जातो तो हाच : ‘९८ टक्के माल वेळेवर’. याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. डिस्पॅचला असताना असाच आकडा वाचून आम्ही एका कंपनीची सेवा घेतली. पहिल्याच महिन्यात ग्राहकाची लाइन थांबायची वेळ आली आणि आमच्या नावावर डेबिट नोट फाटली. मी भांडायला गेलो, तर वाहतूक कंपनीच्या माणसाने शांतपणे जीपीएसचा तक्ता दाखवला. गाडी ठरलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी ग्राहकाच्या गेटवर पोहोचली होती. ती आत गेली साडेसात तासांनी, कारण अनलोडिंगचा नंबर घेतलेला नव्हता. त्यांच्या हिशेबात ती गाडी वेळेवर होती, आमच्या हिशेबात लाइन थांबली होती. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचं ‘वेळेवर’ गेटपाशी संपत होतं आणि आमचं तिथे सुरूही होत नव्हतं. केस स्टडीत हे एक वाक्य असतं तर आम्ही अनलोडिंगचा नंबर घेण्याचं काम करारात घातलं असतं.

म्हणून ‘वेळेवर’ लिहायचं असेल तर कुठली वेळ ते लिहायला हवं. गेटवर नोंद झाली ती, डॉकला गाडी लागली ती, की माल उतरून ग्राहकाने पोच दिली ती? आणि ठरलेली वेळ कोणी ठरवलेली? गाडी उशिरा येणार हे कळल्यावर फोन करून वेळ पुढे सरकवली आणि मग त्या नव्या वेळेत गाडी पोहोचली, तर ती वेळेवर धरली का? ई-वे बिलाच्या मुदतीत माल पोहोचला असाही दावा मी पाहिला आहे. १ जानेवारी २०२१ पासून त्या बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. चाकण ते ओरगडमसाठी ती सहा दिवस होते. सरळ गेलेली गाडी तीन दिवसांत पोहोचते. सहा दिवसांच्या मुदतीत बसणं हे वेळेवर पोहोचण्याचं माप होऊच शकत नाही.

आणि अशा दाव्यातला टक्का एका साध्या भागाकाराने पकडता येतो. आपल्या उदाहरणात तिमाहीला ३४ गाड्या आहेत. त्यातली एक चुकली तर ९७ टक्के होतात, एकही चुकली नाही तर शंभर. चौतीस गाड्यांत ९८ टक्के हा आकडा येतच नाही. कुठे छापलेला दिसला तर समजावं, की एक तर मोजणी वेगळ्याच कशाची आहे, किंवा मोजलेलंच नाही. एवढ्या थोड्या फेऱ्या असतील तर टक्के काढूच नयेत. ‘चौतीसपैकी एकतीस गाड्या ठरलेल्या दोन तासांत डॉकला लागल्या, तीन उशिरा, सर्वात जास्त उशीर अकरा तासांचा’ असं वाक्य मी लिहीन. कारखान्याला सरासरीने त्रास होत नाही, त्या अकरा तासांच्या गाडीने होतो. ती एक गाडी का उशिरा आली हे वाचायला डिस्पॅचवाला पानाच्या तळापर्यंत जातो.

‘आधी आणि नंतर’ या मांडणीवरही माझा आक्षेप आहे, आणि तो फक्त डिझेलपुरता नाही. कारखाना नवी सेवा कधी घेतो? सगळं सुरळीत चालू असताना कोणी ट्रान्सपोर्टर बदलत नाही. सगळ्यात वाईट तिमाही गेल्यावर बदलतो. ती तिमाही ‘आधी’ म्हणून घेतली की काहीही न करताही पुढची तिमाही बरी दिसते, कारण इतकी वाईट तिमाही लागोपाठ दुसऱ्यांदा सहसा येत नाही. आपल्या उदाहरणातली ‘आधी’ची तिमाही तर भर पावसाळ्याची आहे. घाटात गाड्या रखडतात, रस्ते खचतात, आणि तातडीच्या गाड्या त्यामुळेही वाढतात. तुलना करायचीच तर गेल्या वर्षीच्या ऑक्टोबर-डिसेंबरशी करावी. ते शक्य नसेल, तर ‘आमची आधीची तिमाही पावसाळ्याची होती’ हे वाक्य त्याच परिच्छेदात लिहावं. माझ्या उदाहरणातले चौदा टक्केही या कसोटीवर अजून उतरलेले नाहीत. आठच्या दोन झालेल्या तातडीच्या गाड्यांपैकी काही पावसाळा संपल्यामुळेच कमी झाल्या असतील. म्हणून मी त्या केस स्टडीत दुसऱ्या पावसाळ्याचे आकडे आल्याशिवाय टक्का मथळ्यात घेणार नाही. गाडीमागचे टन घेईन, कारण पावसाळा आला-गेला म्हणून कोणी गाडी कमी-जास्त भरत नाही.

आता सगळ्यात व्यवहारी आक्षेप, आणि माझ्या मते एकमेव वजनदार आक्षेप : ग्राहक खरे आकडे छापूच देत नाही. बरोबर. पण तो का देत नाही हे समजून घेतलं की वाट निघते. सुटे भाग बनवणाऱ्याला गाडी बनवणारी कंपनी दरवर्षी भाव कमी करायला सांगते. त्या वाटाघाटीत टेबलाच्या पलीकडच्या माणसाच्या हातात ‘या पुरवठादाराने वाहतुकीत ३७ टक्के वाचवले’ असा छापील कागद पडला, तर त्याचा पहिला प्रश्न असतो : मग त्यातला आमचा वाटा किती? म्हणजे जो मोठा टक्का मार्केटिंगला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, तोच ग्राहकासाठी सगळ्यात घातक असतो. गाड्या किती गेल्या, गाडीमागे किती टन, गेटवर किती तास, तातडीच्या गाड्या किती, हे छापायला मात्र तो बहुतेक वेळा तयार होतो, कारण त्यातून त्याचा भाव कळत नाही. मी ग्राहकाकडे परवानगी मागायला जातो तेव्हा दोन रकाने केलेला कागद घेऊन जातो. एका रकान्यात हे मोजमापाचे आकडे जसेच्या तसे. दुसऱ्यात रुपये, पण जुना खर्च शंभर धरून. आपल्या उदाहरणात जुने शंभर, नवे शहाऐंशी, आणि ते शहाऐंशी कशाकशाचे मिळून झाले तेही, गोदाम आणि व्याज धरून. कारखान्याचं नाव नको असेल तर नाव काढतो, आकडे ठेवतो. नाव छापून आकडे गाळण्यापेक्षा हा सौदा वाचणाऱ्याच्या जास्त उपयोगाचा आहे. चाकणच्या डिस्पॅचवाल्याला दुसऱ्या कारखान्याचं नाव कळून काय मिळणार? त्याला हवं असतं ते हे, की तिथली गाडी, तिथलं अंतर आणि तिथला माल आपल्यासारखा होता का.

आणि हे आकडे विक्रीवाल्याला विचारून मिळत नाहीत. त्याच्याकडे ‘साधारण तिसेक टक्के वाचले’ एवढंच असतं. टन मिळतात काट्याच्या पावत्यांतून. गेटवरचा वेळ मिळतो ग्राहकाच्या गेट रजिस्टरमधून, किंवा ड्रायव्हरच्या पोचपावतीवरच्या शिक्क्यातून. भाडं, हमाली आणि हॉल्टिंग ट्रान्सपोर्टरच्या बिलांत वेगवेगळ्या ओळींवर असतं, पण कारखान्याच्या वहीत तिन्ही मिळून एक रक्कम होते, म्हणून मूळ बिलंच मागावी लागतात. तातडीच्या गाड्या बरेचदा वाहतुकीच्या खात्यात सापडतच नाहीत, त्या ‘इतर खर्च’मध्ये असतात. दोन तिमाह्यांचे हे कागद गोळा करायला मला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्यातला अर्धा वेळ अकाउंट्सच्या टेबलासमोर जातो. एवढं कशाला, असं मला दरवेळी विचारलं जातं. कारण तो कागद वाचणारा माणूस हेच कागद स्वतःच्या ड्रॉवरमधून काढून शेजारी ठेवणार आहे.

ओरगडमच्या त्या उदाहरणाची केस स्टडी मी लिहिली तर पहिलं वाक्य असेल : चाकण ते ओरगडम, बत्तीस फुटी गाडीत आधी साडेचार टन जात होते, आता सहा टनांच्या वर जातात, आणि त्यासाठी तिथे दहा टनांचा साठा ठेवावा लागतो. त्याखाली शंभरचे शहाऐंशी कसे झाले याच्या पाच ओळी. आणि शेवटचा परिच्छेद त्या दोन तातडीच्या गाड्यांचा, ज्या नव्या व्यवस्थेतही पाठवाव्या लागल्या : कुठल्या तारखेला, कुठला भाग कमी पडला, आणि गोदामात साठा असताना तो का कमी पडला.